वेग, अंतर, वेळ : शाब्दिक उदाहरणांची नमुना उत्तरे कशी लिहावीत?

‘वेळ = अंतर ÷ वेग’ हे सूत्र पाठ असूनही शाब्दिक उदाहरणात मुले अडतात. कोणते अंतर घ्यायचे आणि एकके जुळतात का, हे दोन निर्णय सूत्र सांगत नाही. बहुतेक उत्तरपत्रिकांतही ते मनातल्या मनात घेतलेले असतात. नवशिक्यांसाठी नमुना उत्तर लिहिताना नेमके हेच दोन निर्णय कागदावर आणावे लागतात.

उदाहरण : 150 मीटर लांबीची आगगाडी ताशी 54 किमी या एकसमान वेगाने जात आहे. 300 मीटर लांबीचा फलाट पूर्ण ओलांडण्यास तिला किती वेळ लागेल?

पायरी 1. काय दिले, काय काढायचे? गाडीची लांबी 150 मी, फलाटाची लांबी 300 मी, वेग ताशी 54 किमी. काढायची आहे वेळ.

पायरी 2. अंतर कोणते? येथे एक आकृती काढावी. इंजिन फलाटाच्या सुरुवातीला पोहोचले की वेळ मोजायला सुरुवात होते आणि शेवटचा डबा फलाटाबाहेर पडला की मोजणी संपते. तेवढ्या वेळात इंजिन फलाटाची लांबी अधिक स्वतःच्या गाडीची लांबी इतके पुढे जाते.

अंतर = 300 + 150 = 450 मी

पायरी 3. एकके जुळवा. अंतर मीटरमध्ये आहे, म्हणून वेगही मीटरमध्ये हवा. ताशी 54 किमी म्हणजे 3600 सेकंदांत 54000 मीटर.

वेग = 54000 ÷ 3600 = सेकंदाला 15 मी

5/18 ने गुणण्याची युक्ती यातूनच येते, कारण 1000/3600 = 5/18. पहिल्या एकदोन उदाहरणांत मात्र भागाकार पूर्ण दाखवावा.

पायरी 4. सूत्र वापरा. वेळ = 450 ÷ 15 = 30 सेकंद

पायरी 5. ताळा. 30 सेकंदांत 15 × 30 = 450 मी. अंतर जुळले.

नमुना उत्तराखाली नेहमीच्या चुकाही लिहाव्यात. उत्तर 20 सेकंद आले, तर गाडीची लांबी राहून गेली. 10 सेकंद आले, तर फलाट विसरला. ते उत्तर खांब ओलांडण्याचे आहे. सुमारे 8.3 आले, तर 450 ला थेट 54 ने भागले आहे. चुकीच्या उत्तरावरून मुलाला स्वतःच चुकलेली पायरी सापडते.

सरावसंचातील उदाहरणे या पायऱ्यांप्रमाणे लावावीत. आधी खांब ओलांडण्याचे, मग फलाटाचे. पहिले उदाहरण पूर्ण सोडवून द्यावे, दुसऱ्यात पायरी 2 रिकामी ठेवावी, तिसऱ्यात पायरी 2 आणि 3 दोन्ही, आणि चौथ्यात फक्त पायऱ्यांची नावे द्यावीत.