एक्याण्णव रविवार आणि चौऱ्याण्णव भाग

गेल्या गणेशोत्सवात येथील महाराष्ट्र मंडळाच्या प्रश्नमंजूषेत एक वाद निघाला. दूरदर्शनवरील ‘महाभारत’ मालिकेचा अखेरचा भाग केव्हा दाखविला गेला, असा प्रश्न होता. एका पक्षाने २४ जून १९९० ही तारीख सांगितली आणि पुरावा म्हणून चाहत्यांनी तयार केलेली भागसूची पुढे केली. दुसऱ्या पक्षातील एक वृद्ध निवृत्त अधिकारी म्हणाले, “छे, तो भाग आम्ही बदलीच्या गावी पाहिला, आणि तेथे आम्ही जुलैत रुजू झालो.” सूची छापील अक्षरांत होती, म्हणून परीक्षकांनी गुण तिला दिले. गृहस्थ गप्प बसले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. निकाल न्याय्य होता काय, हे पाहण्याचा आम्ही नंतर प्रयत्न केला.

बी. आर. चोप्रा यांची ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे गांधीजयंतीच्या रविवारी, सुरू झाली. तिचे भाग ९४ आणि वार रविवार. सूचीनेही हेच आरंभ आणि हीच संख्या दिली होती. आता कोणतेही जुने पंचांग उघडावे. १९८८ मध्ये त्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंत १३ रविवार येतात. १९८९ हे वर्ष रविवारीच उजाडले व रविवारीच मावळले, म्हणून त्यात ५३ रविवार आहेत. १९९० मध्ये २४ जूनपर्यंत २५ होतात. एकूण ९१! रविवारी एक याप्रमाणे एकही खाडा न होता भाग दाखविले, तरी चौऱ्याण्णवावा भाग १५ जुलैच्या आधी येत नाही. खाडे झाले असतील, तर तो त्याच्याही पुढे जातो. म्हणजे आरंभाची तारीख, भागांची संख्या, साप्ताहिक क्रम आणि शेवटची तारीख या चार गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. काही दिवशी दोन भाग दाखविले असे म्हणावे, तर सूचीत ते दिवस नोंदलेले हवेत. आमच्यापुढील सूचीत तशी एकही नोंद नव्हती.

तुलनेसाठी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ घ्यावे. सूचीप्रमाणे ते २५ जानेवारी १९८७ ला सुरू होऊन ३१ जुलै १९८८ ला संपले, आणि त्याचे भाग ७८. या अवधीत ८० रविवार येतात; दोन रविवार रिकामे गेले असे मानले की हिशेब जुळतो. तथापि हिशेब जुळला म्हणजे तारीख सिद्ध झाली असे नव्हे. ती अशक्य नाही, एवढेच त्यावरून ठरते.

मग ही सूची टाकाऊ समजावी काय? तसेही नाही. कोणत्या भागात द्यूत आले, कोणत्यात भीष्म शरपंजरी पडले, हे चाहत्याने भाग डोळ्यांनी पाहून लिहिलेले असते, आणि ते कोणालाही पुन्हा पाहून पडताळता येते. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दोन्ही मालिका पुन्हा दाखविल्या गेल्या, तेव्हा असे पाहणारे पुष्कळ झाले. परंतु प्रथम प्रक्षेपणाची तारीख चित्रफितीत दिसत नाही. ती चाहत्याने कोठून तरी घेतलेली किंवा मोजून काढलेली असते. एकाच सूचीतील दोन रकान्यांची साक्ष अशी निरनिराळ्या मोलाची ठरते. राजवाड्यांनी बखरींची चिकित्सा करून समकालीन पत्रांकडे बोट दाखविले, ते याच भेदासाठी.

“पण दुसऱ्या सूचीतही हीच तारीख आहे,” असे सूचीच्या पक्षाने आम्हांस नंतर ऐकविले. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. एका नटाच्या नावातील तीच चूक दोहोंत त्याच जागी आढळली. एक दुसरीवरून उतरली होती, किंवा दोन्ही तिसरीवरून; साक्षीदार एकच, मुखे दोन.

वाद मिटविणारा कागद निराळाच आहे. त्या काळची दैनिके दूरदर्शनचे कार्यक्रम छापीत. २४ जून, १ जुलै, ८ जुलै व १५ जुलै १९९० या चार रविवारांचे अंक मोठ्या ग्रंथालयात मागवून पाहावेत. त्यांतही छापलेला कार्यक्रम ऐनवेळी बदललेला असू शकतो, म्हणून पुढच्या आठवड्याचा अंकही चाळावा.

वृद्ध गृहस्थांची आठवण बरोबर ठरली, असे आम्ही म्हणत नाही. तीस वर्षांहून जुनी आठवण हीही एक बखरच. पण बदलीचा हुकूम सरकारी कागद असतो व त्यावर तारीख असते. तो त्यांच्यापाशी अजून आहे. त्याने अखेरच्या भागाचा दिवस ठरणार नाही. पण गृहस्थ जुलैत तेथे रुजू झाले की नाही, हे तरी ठरेल. परीक्षकांनी तो मागितला नाही, ही त्या दिवशीची खरी चूक होय. गुण कोणास द्यावेत हे अंक पाहिल्यावर ठरेल. तोवर ते कोणाच्याच खाती मांडू नयेत, असे आम्ही मंडळास कळविले आहे.