यकृतातील अमीबाजन्य गळू : प्रतिपिंड चाचणी

एंटअमीबा हिस्टॉलिटिका हा परजीवी आतड्यातून रक्तावाटे यकृतात गेला की तेथे गळू होते. त्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे एलायझासारख्या चाचणीने ओळखतात. शरीराने या परजीवीशी झुंज दिली एवढेच ही चाचणी सांगते. झुंज कधीची, ते सांगत नाही.

समजा, बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचा चाळिशीतील शेतकरी चार दिवसांचा ताप आणि उजव्या बरगडीखालचे दुखणे घेऊन आला. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या खंडात एकच गळू दिसते, चाचणी मात्र नकारात्मक येते. एवढ्यावर अमीबा नाकारणे घाईचे ठरेल. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी वाढलेली नसतात. सात-आठ दिवसांनी पुन्हा तपासल्यास दहातील नऊहून अधिक रुग्णांत ती सापडतात. तोवर उपचार थांबवून ठेवत नाहीत. शौच तपासणीचाही फारसा आधार नसतो, कारण यकृतात गळू असताना बहुतेकांच्या शौचात अमीबा दिसतच नाही.

सकारात्मक निकाल उलट्या बाजूने फसवतो. बरे झाल्यावरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात. जिथे हा संसर्ग नेहमीचा, तिथे जुन्या आमांशाची खूण घेऊन आलेल्या माणसाला जिवाणूंचे गळूही असू शकते. म्हणून मेट्रोनिडॅझोल सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत ताप उतरला नाही, तर निदान पुन्हा तपासावे, गरजेप्रमाणे पू काढून जिवाणूंसाठी संवर्धनाला पाठवावा. उपचार लागू पडला की नाही हे पाहण्यासाठी मात्र ही चाचणी पुन्हा करण्यात अर्थ नाही.