लाल खूण नसलेला आकडा

सकाळी ६. तापाचा पाचवा दिवस. डेंगीचा रुग्ण, 19 वर्षांचा, वजन 50 किलो. रात्री ताप उतरला होता. "आता बरं वाटेल त्याला," मी त्याच्या आईला म्हणाले. खरं तर डेंगीत बहुधा ताप उतरतानाच धोक्याचे 24 ते 48 तास सुरू होतात.

सकाळी ८. सीबीसी आला. प्लेटलेट 68,000, त्याला लाल खूण. हिमॅटोक्रिट 44, खूण नाही. दोन दिवसांपूर्वी ते 40 होतं. मी जुना कागद काढून पाहिला नाही.

सकाळी ११. दोनदा उलटी, पोटात दुखतंय. दोन्ही डेंगीतल्या धोक्याच्या खुणा. मी उलटीचं इंजेक्शन दिलं. सकाळपासून लघवी झाली आहे का, हे विचारलंच नाही.

दुपारी १. दुसरा सीबीसी. प्लेटलेट 41,000. "सिस्टर, पेशी किती?" वडिलांचा पहिला प्रश्न तोच. हिमोग्लोबिन 13.3 वरून 16.3 झालेलं पाहून त्यांना बरं वाटलं. हिमॅटोक्रिट 49 होतं. पुरुषांसाठी लॅबची मर्यादा 40 ते 50, म्हणून याही वेळी खूण नाही.

मी आजही या आकड्यापाशी थांबते. 40 वरून 49 म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त वाढ. त्याचं रक्त वाढलं नव्हतं. केशवाहिन्यांतून रक्तातला पाण्याचा भाग पोटात, छातीत झिरपत होता. तांबड्या पेशी आतच राहिल्यामुळे उरलेलं रक्त दाट होत होतं. रक्तस्राव नसेल तर 41,000 प्लेटलेट थांबू शकतात. हे झिरपणं वाट पाहत नाही.

दुपारी १.१०. मी डॉक्टरांना फोन करून फक्त प्लेटलेट सांगितल्या. "ताप उतरलाय, हिमॅटोक्रिट 40 वरून 49, पोट दुखतंय, नाडी 112, लघवी नाही," एवढं एका दमात सांगायला हवं होतं. प्लेटलेट आणायला त्याचा भाऊ रक्तपेढीकडे धावला.

दुपारी ३. बीपी 104/86. वरचा आकडा पाहून मी पुढच्या खाटेकडे वळणार, तेवढ्यात त्याचा हात हाताला लागला. गार, ओलसर. नख दाबून सोडलं, तर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला. दोन आकड्यांत फरक फक्त 18. डेंगीत हा फरक 20 किंवा त्याखाली आला की तो शॉक. वरचा आकडा चांगला दिसत असला तरीही. मी डॉक्टरांना हाक मारली.

दुपारी ३.१०. सलाइन सुरू: किलोमागे 10 मिली, म्हणजे तासात 500 मिली. पंधरा-पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी.

दुपारी ४.१५. बीपी 108/76, हात कोमट, हिमॅटोक्रिट 45. सलाइनचा वेग कमी केला. आता छातीत पाणी साचू नये म्हणून श्वासावर लक्ष. लघवी मोजायला भांडं ठेवलं.

दुपारी ४.३०. भाऊ प्लेटलेटची पिशवी घेऊन धापा टाकत आला. रक्तस्राव कुठेच नव्हता. ती चढवली नाही.