तळटीप : ‘गिअर घट्ट बसवला’

मूळ मजकुरात एवढेच आहे, पण घट्ट म्हणजे किती? ३० मिमीच्या शाफ्टसाठी एच७ भोक ३०.००० ते ३०.०२१ मिमी असते. जी६ शाफ्ट त्याहून नेहमी लहान, त्यामुळे गिअर हाताने सरकतो. पी६ (३०.०२२ ते ३०.०३५) नेहमी मोठा, म्हणून प्रेस लागतो. मात्र सर्वांत मोठ्या भोकाला सर्वांत लहान शाफ्ट मिळाला, तर पकड उरते अवघ्या एका मायक्रॉनची. म्हणून ताकद वाहणाऱ्या गिअरला पी६बरोबर चावी द्यावीच. चावी नको असेल तर एस६ (३०.०३५ ते ३०.०४८) घ्यावा, तोही टॉर्कचे गणित करून; मात्र पातळ रिमचा गिअर त्याने फुगतो आणि दातांमधली मोकळीक घटते.

मुरबाड एमआयडीसीतल्या शेड उन्हाळ्यात तापतात, पण दोन्ही भाग पोलादी आणि सारखेच गरम असतील तर बिघडत नाही. ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला, २० अंशांनी जास्त गरम शाफ्ट मात्र सुमारे ७ मायक्रॉन मोठा मोजला जातो. तो तपासणीत पास होतो आणि थंड झाल्यावर भोकात ढिला निघू शकतो.