वाहतूक-आरक्षण: दोन टप्प्यांचे स्टोकॅस्टिक प्रोग्रॅमिंग

माल किती निघणार हे कळण्याआधीच गाड्या, कंटेनर किंवा विमानातील जागा किती आरक्षित करायची, हे ठरवण्याची गणिती रीत. निर्णयाचे दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात आगाऊ आरक्षणाचा आकडा ठरतो आणि तो नंतर बदलता येत नाही. मग मागणी उघड होते. दुसऱ्या टप्प्यात जी तूट पडली असेल ती निस्तरली जाते: ऐनवेळी महाग दराने गाडी लावून, माल थांबवून किंवा ऑर्डर सोडून देऊन. या निस्तरण्याच्या खर्चाला रिकोर्स खर्च म्हणतात. आगाऊ भाडे आणि सरासरी रिकोर्स खर्च यांची बेरीज कमीत कमी व्हावी, असा पहिल्या टप्प्याचा आकडा शोधणे हे या रीतीचे काम.

रिकोर्ससह नियोजनाची कल्पना 1955 मध्ये जॉर्ज डँट्झिग आणि ई. एम. एल. बील यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. वाहतुकीशी तिचे नाते अगदी सुरुवातीचे आहे. ॲलन फर्ग्युसन आणि डँट्झिग यांनी 1956 मध्ये चार प्रकारची विमाने पाच हवाई मार्गांवर कशी वाटावीत याचे उदाहरण सोडवले. त्यात विमाने आधी नेमायची, प्रवासी नंतर मोजायचे आणि जागेअभावी परत गेलेल्या प्रवाशाचे बुडालेले भाडे तूट म्हणून धरायचे. तेव्हापासून अनेक दशके उलटली तरी मांडणीचा सांगाडा तोच आहे.

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते ते नाशिकच्या निर्यातदार द्राक्ष-पॅकहाऊसच्या उदाहरणाने पाहू. जानेवारी ते एप्रिल या हंगामात पॅकहाऊसमधून न्हावा शेवा बंदराकडे रीफर ट्रेलर जातात. पुढच्या आठवड्याच्या गाड्या ट्रान्सपोर्टवाल्याला आधी सांगाव्या लागतात. माल किती भरणार हे मात्र तेव्हा ठाऊक नसते. साखर उतरली नाही तर तोडा पुढे जातो, अवकाळी पाऊस झाला तर मणी तडकतात आणि कीडनाशकाच्या अंशाचा अहवाल युरोपच्या मर्यादेत बसला नाही तर अख्खा प्लॉट निर्यातीतून बाद होतो. पुढचे आकडे कोणत्याही पॅकहाऊसचे नाहीत. हिशेब तोंडी करता यावा म्हणून ते सोपे घेतले आहेत.

आठवड्याची मागणी तीनपैकी एक असेल: 10 खेपा (शक्यता 0.2), 15 खेपा (0.4) किंवा 25 खेपा (0.4). अशा प्रत्येक शक्य परिस्थितीला सिनॅरिओ म्हणतात. आगाऊ सांगितलेल्या गाडीचे भाडे 30,000 रुपये. गाडी रिकामी राहिली तरी ते द्यावेच लागते. ऐनवेळी बाजारातून उचललेली गाडी सरासरी 52,000 रुपयांना पडते.

सरासरी मागणी 18 खेपांची आहे. तेव्हा 18 गाड्या सांगून मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटेल. हिशेब मात्र वेगळे सांगतो. अकरावी गाडी घेतली तर 30,000 नक्की जातात, पण 0.8 शक्यतेने ती उपयोगी पडते आणि तेव्हा 52,000 वाचतात, म्हणजे सरासरी 41,600. ती घ्यावी. सोळावी गाडी फक्त 25 खेपांच्या आठवड्यात लागते. तिने वाचणारी सरासरी रक्कम 0.4 गुणिले 52,000, म्हणजे 20,800 रुपये. ती 30,000 ला परवडत नाही. म्हणून 15 गाड्या घेऊन थांबायचे. 15 गाड्यांचा अपेक्षित खर्च 4,50,000 अधिक तुटीचे 2,08,000, म्हणजे 6,58,000 रुपये. 18 गाड्यांचा येतो 6,85,600. हा 27,600 रुपयांचा फरक म्हणजे सरासरीवर विसंबण्याऐवजी अनिश्चितता हिशेबात घेतल्याचा लाभ. त्याला ‘स्टोकॅस्टिक उत्तराचे मूल्य’ म्हणतात. मागणी आधीच अचूक कळली असती तर सरासरी खर्च 5,40,000 झाला असता. 6,58,000 शी त्याचा फरक 1,18,000 रुपये. परिपूर्ण अंदाजासाठी आठवड्याला यापेक्षा जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

इथपर्यंतचे काम एका साध्या सूत्रानेही झाले असते. एकच मार्ग, एकच माल आणि एकच दंड असला की हे कोडे वृत्तपत्र विक्रेत्याने सकाळी किती अंक उचलावेत या जुन्या प्रश्नासारखेच असते. खरी गंमत दुसऱ्या टप्प्यात शिरल्यावर सुरू होते आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

पहिली चूक भावाची. ऐनवेळच्या गाडीचा 52,000 हा दर सरासरीचा आहे. पण सगळे आठवडे सारखे नसतात. एका पॅकहाऊसचा माल भरभरून निघतो तेव्हा शेजारच्या दहांचाही निघतो, कारण ऊन-पाऊस सर्वांचा एकच. समजा ऐनवेळचा दर मंद आठवड्यात 30,000, मध्यम आठवड्यात 35,000 आणि तेजीच्या आठवड्यात 80,000 आहे. शक्यतांच्या प्रमाणात सरासरी काढली तर ती बरोबर 52,000 च येते. पण तूट पडते ती तेजीच्या आठवड्यात, म्हणजे गाडी नेमकी 80,000 ला असताना. आता सोळाव्या गाडीने वाचणारी सरासरी रक्कम 0.4 गुणिले 80,000, म्हणजे 32,000 होते आणि 30,000 च्या वर जाते. तेव्हा 15 वर थांबण्याऐवजी सगळ्या 25 गाड्या आगाऊ घेणे योग्य ठरते, खर्च 7,50,000. जुन्या 15 गाड्यांचा खरा अपेक्षित खर्च 7,70,000 निघतो, कागदावर दिसत होता त्याहून 1,12,000 ने जास्त. सरासरी मागणीला नकार देऊन सरासरी भाव मात्र तसाच ठेवला, की मॉडेल असे फसवते. मागणी आणि ऐनवेळचा दर या दोन्हींचे सिनॅरिओ जोडीनेच लिहावे लागतात.

दुसरी चूक निस्तरण्याचा एकच मार्ग गृहीत धरण्याची. तोडल्यावर द्राक्ष पिकत नाही. प्रीकूलिंग करून शून्य अंशाच्या आसपास ठेवले तर काही दिवस थांबू शकते. समजा शीतगृहात चार खेपांची जागा आहे आणि माल पुढच्या आठवड्यावर ढकलण्याचा खर्च, शीतगृहाचे भाडे, पुढची गाडी आणि थोडी घट धरून, खेपेला 45,000 आहे. आता मांडणी अशी होते (रक्कम हजार रुपयांत):

```
min  30x + Σ p_s (q_s·y_s + 45·z_s)
     x + y_s + z_s ≥ d_s
     z_s ≤ 4
     x, y_s, z_s ≥ 0
```

यात `x` म्हणजे आगाऊ गाड्या. `s` हा सिनॅरिओ, `p_s` त्याची शक्यता, `d_s` मागणी आणि `q_s` त्या आठवड्याचा ऐनवेळचा दर. `y_s` म्हणजे ऐनवेळी घेतलेल्या गाड्या, `z_s` म्हणजे थांबवलेल्या खेपा. `x` ला सिनॅरिओची खूण नाही, ती `y` आणि `z` ला आहे. सगळे तंत्र या खुणेत आहे: आगाऊ आकडा सर्व आठवड्यांना सामाईक, निस्तरणे मात्र ज्या-त्या आठवड्याचे.

उत्तर येते 21. तेजीच्या आठवड्यात उरलेल्या चार खेपा शीतगृहात जातात आणि ऐनवेळी एकही गाडी उचलावी लागत नाही. खर्च 6,30,000 अधिक 0.4 गुणिले 1,80,000, म्हणजे 7,02,000 रुपये. 25 गाड्यांच्या उत्तरापेक्षा 48,000 ची बचत झाली आणि ती शक्यतांचा अंदाज सुधारून नव्हे, चार खेपांच्या थंड जागेने. मागणीचा अंदाज घासूनपुसून लख्ख करण्यात आठवडे घालवणाऱ्यांनी आधी निस्तरण्याचे मार्ग मोजावेत, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते.

आणखी एक बारकावा. प्रत्येक सिनॅरिओत तूट भरण्याचा कोणता तरी मार्ग मॉडेलमध्ये हवाच, कितीही महाग असला तरी. वरच्या मांडणीत `y` वर मर्यादा नाही, म्हणून कोणताही `x` घेतला तरी दुसऱ्या टप्प्याला उत्तर मिळते. या गुणाला पूर्ण रिकोर्स म्हणतात. बाजारात आठच गाड्या मिळतात अशी अट घातली, तर आणखी एक चल लागते: न गेलेला माल. त्याला दंड लावताना हात सैल सुटतो. ‘काहीही करून माल गेलाच पाहिजे’ म्हणून कोणी खेपेला दहा लाखांचा दंड लिहितो आणि मॉडेल निमूटपणे सर्वांत वाईट आठवड्यातही माल मागे राहणार नाही इतक्या गाड्या मागते. दंड म्हणजे खरोखर बुडणारी रक्कम: निर्यात हुकलेला माल देशी बाजारात विकल्यावर येणारी भावातली तूट आणि खरेदीदाराशी केलेल्या करारातली कपात.

तीन सिनॅरिओ कागदावर सुटतात. मार्ग अनेक, गाड्या सामाईक आणि सिनॅरिओ हजारो झाले, की सगळे एकत्र मांडलेले मॉडेल फुगते. तेव्हा 1969 मध्ये आर. एम. व्हॅन स्लाइक आणि रॉजर वेट्स यांनी दिलेली एल-शेप्ड पद्धत वापरतात. ती `x` चा एक आकडा धरते, प्रत्येक सिनॅरिओचे निस्तरणे वेगवेगळे सोडवते, त्यातून ‘आणखी एक गाडी असती तर किती वाचले असते’ ही माहिती परत आणते आणि `x` सुधारते. वर अकराव्या आणि सोळाव्या गाडीचा जो विचार केला, त्याचेच हे यंत्रवत रूप. सिनॅरिओ नमुना म्हणून काढलेले असतील तर उत्तर नव्या, न वापरलेल्या नमुन्यावर तपासतात. तिथे खर्च ठळकपणे वाढला, तर सिनॅरिओ अपुरे होते असे समजावे.

शक्यता मात्र जुन्या नोंदींतूनच येतात आणि तिथे एक लपलेला खड्डा असतो. पॅकहाऊसकडे बहुधा गेटपासची नोंद असते, म्हणजे किती गाड्या गेल्या ते. किती माल जायला तयार होता, ते त्यात नसते. मागच्या हंगामात दर आठवड्याला 15 गाड्या आगाऊ घेतल्या आणि तूट पडली तेव्हा माल देशी बाजारात वळवला, तर नोंदीत 15 च्या वरचा आठवडा दिसणारच नाही. मॉडेल पुन्हा 15 च सुचवील आणि ते बरोबर असल्याची खात्रीही पटेल. ओळखायची खूण सोपी: गेलेल्या गाड्यांचा आकडा आगाऊ आकड्याशी तंतोतंत जुळणारे आठवडे मोजावेत. ते फार निघाले, तर मागणी गेटपासवरून न घेता प्लॉटवार तोड्याच्या नोंदीतून आणि पास झालेल्या अंश-अहवालांतून नव्याने काढावी लागते.