उच्च संहतीवरील शोषकतेचे विचलन

वर्णपटप्रकाशमापनात द्रावणाची संहती वाढवत नेली की शोषकता, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतला ॲब्सॉर्बन्स, तिच्या प्रमाणात वाढत जाते. मात्र एका मर्यादेनंतर आलेखाची सरळ रेषा वाकू लागते. या वाकण्याला बिअर-लँबर्ट नियमापासूनचे विचलन म्हणतात. प्रयोगाच्या अहवालात त्याचे स्पष्टीकरण बहुधा एका वाक्यात उरकले जाते: 'संहती जास्त असल्याने नियम पाळला गेला नाही.' या वाक्याने काहीच उलगडत नाही, कारण त्यात निरीक्षणच पुन्हा सांगितलेले असते. शिवाय बऱ्याच वेळा ते चूकही असते. द्रावण नियम काटेकोर पाळत असते आणि मापनयंत्राला तेवढा अंधार मोजता येत नसतो. म्हणून अहवालात पहिला निवाडा हवा तो याचा, की विचलन संहतीमुळे आले की शोषकतेमुळे. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात, कारण एकाच क्युव्हेटमध्ये मोजताना दोन्ही बरोबरीने वाढतात. पण ती वेगळी करता येतात आणि त्याची वाट नियमातच आहे.

नियमाचे सूत्र A = εcl. यात A ही शोषकता, ε हा मोलर शोषणगुणांक, c ही संहती आणि l ही प्रकाशाने द्रावणातून कापलेली वाट. नियमाचे दोन भाग वेगवेगळ्या काळात आले. जाडीचा भाग बूगेर यांनी १७२९ मध्ये मांडला आणि लँबर्ट यांनी १७६० मध्ये त्याला गणिती रूप दिले. संहतीचा भाग बिअर यांनी १८५२ मध्ये रंगीत द्रावणांवरून जोडला. जाडीचा भाग एकजिनसी माध्यमात आणि एकाच तरंगलांबीच्या प्रकाशात पक्का असतो, कारण प्रत्येक थर येणाऱ्या प्रकाशाचा तेवढाच हिस्सा शोषतो. संहतीच्या भागाला मात्र एक अट आहे: संहती बदलली तरी विरघळलेल्या पदार्थाचे रूप तेच राहिले पाहिजे. रेणू एकमेकांना चिकटू लागले किंवा समतोल एका बाजूला सरकला, तर ही अट मोडते. यंत्राला मात्र c आणि l वेगळे कळत नाहीत. त्याच्यापर्यंत फक्त उरलेला प्रकाश पोहोचतो.

पोटॅशियम परमँगनेटचे उदाहरण घेऊ. ५२५ नॅनोमीटरजवळ त्याचा मोलर शोषणगुणांक सुमारे २४०० आहे, म्हणून १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये ०.०००१ मोलर द्रावणाची शोषकता ०.२४ यायला हवी, चौपटीला ०.९६, आठपटीला १.९२ आणि दहापटीला २.४०. आता समजा, यंत्रात एक टक्का भटका प्रकाश आहे. मोनोक्रोमेटरने निवडलेल्या तरंगलांबीबाहेरचा, जालकावरून किंवा आतल्या भिंतींवरून विखुरलेला प्रकाश डिटेक्टरवर पोहोचतो, तोच हा. परमँगनेटचे जांभळे द्रावण तांबडा प्रकाश जवळजवळ जसाच्या तसा जाऊ देते, त्यामुळे भटक्या प्रकाशातला तांबडा भाग द्रावण कितीही गडद केले तरी कमी होत नाही. खरे पारगमन T असेल, तर यंत्र (T + ०.०१) भागिले १.०१ एवढे पारगमन वाचते. त्यावरून हिशेब केला तर ०.२४ ऐवजी ०.२३७ दिसते, म्हणजे फरक जाणवतही नाही. ०.९६ ऐवजी ०.९२६ दिसते. पण १.९२ ऐवजी १.६६ आणि २.४० ऐवजी केवळ १.८६. शोषकता २ म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश पार होणे. तिथे भटका एक भागही तेवढाच पडला की वाचन कोलमडणारच. यापुढे द्रावण किती का गडद करा, आकडा २.०० च्या वर जात नाही. हे छत सहज तपासता येते. अतिशय गडद परमँगनेट भरून त्याच तरंगलांबीवर आकडा कुठे थांबतो ते पाहिले की त्या यंत्राचा, त्या तरंगलांबीवरचा भटका प्रकाश कळतो. अतिनील भागात यासाठी ठरलेली द्रावणे वापरतात, उदाहरणार्थ ३४० नॅनोमीटरला सोडियम नायट्राइट.

अशा मापनातून सरळ रेषा जुळवली तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ०.०००१ मोलरच्या १, २, ४, ६, ८ आणि १० पट अशा सहा द्रावणांवर वरचाच हिशेब लावला तर वाचने अनुक्रमे ०.२३७, ०.४७१, ०.९२६, १.३३९, १.६६१ आणि १.८५९ येतात. त्यांतून काढलेल्या रेषेचा R² सुमारे ०.९८ भरतो आणि पुष्कळ अहवाल हा आकडा पाहून समाधानी होतात. पण ती रेषा शून्य संहतीला ०.१३ शोषकता दाखवते, जी ब्लँक नीट घेतलेला असताना असूच शकत नाही. प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे अंतर क्रमाने मांडले तर पहिले दोन रेषेखाली, मधले तीन वर आणि शेवटचा पुन्हा खाली अशी कमान दिसते. यादृच्छिक चुकांमुळे अंतरे वरखाली विखुरली असती. कमान दिसली की कारण पद्धतशीर आहे असे समजावे. याची किंमतही मोठी आहे. या रेषेवरून ०.२३७ शोषकतेच्या अज्ञात द्रावणाची संहती काढली तर खऱ्या ०.०००१ मोलरऐवजी ०.००००६ मोलर उत्तर येते. वरच्या टोकाच्या बिघडलेल्या बिंदूंनी खालच्या, अगदी नीट मोजलेल्या नमुन्यात चाळीस टक्के चूक घातली.

आता निवाड्याची कसोटी. आठपट द्रावण १ मिमीच्या क्युव्हेटमध्ये भरावे. वाट दहापट आखूड झाली, संहती तीच राहिली. वाचन ०.१९ आले, तर दहाने गुणून १.९० मिळते आणि १ सेंमीमधले १.६६ खोटे ठरते. द्रावण नियम पाळत होते, दोष यंत्राचा. पण १ मिमीमध्येही वाचन ०.१६६ च्या आसपास आले, तर संहतीनेच पदार्थाचे रूप बदलले आहे असे म्हणायला आधार मिळतो. याहून नेमकी पद्धत म्हणजे c आणि l यांचा गुणाकार सारखा ठेवणे: दहापट गडद द्रावण दशांश वाटेत आणि विरल द्रावण पूर्ण वाटेत. नियम लागू असेल तर दोन्हींची शोषकता एकच, म्हणून यंत्राची चूकही एकच. तरीही वाचने वेगळी आली तर फरक द्रावणातलाच. अट इतकीच, की आखूड क्युव्हेटची खरी वाट आधी विरल, खात्रीच्या द्रावणाने पडताळून घ्यावी आणि आत बुडबुडा राहू देऊ नये. १ मिमीत दशांश मिमीची तफावतही दहा टक्क्यांची होते.

यावर पहिला आक्षेप पाठ्यपुस्तकांच्या बाजूने येतो. नियम ०.०१ मोलरच्या खालीच चालतो, त्यापुढे आयनांचे परस्परांवरील परिणाम आणि द्रावणाच्या अपवर्तनांकातील बदल तो मोडतात, असे तिथे लिहिलेले असते. ते खरे आहे, पण परमँगनेटला लावून पाहावे. ०.०१ मोलर परमँगनेटची १ सेंमीमधली शोषकता २४ होईल, जी कुठलेही नेहमीचे यंत्र मोजू शकत नाही. म्हणजे हे कारण लागू होण्याच्या कितीतरी आधीच मापन थांबलेले असते, आणि ०.००१ मोलरच्या वाकण्याचे खापर आयनांच्या परस्परक्रियेवर फोडणे आकड्यांत बसत नाही. हे स्पष्टीकरण फिकट शोषकांसाठी राखून ठेवावे. कोबाल्टच्या जलीय आयनाचा गुणांक ५१० नॅनोमीटरजवळ जेमतेम ५ आहे, तिथे ०.१ मोलर द्रावणही ०.५ च्या आसपास शोषकता देते, यंत्र आरामात मोजते आणि संहतीचे परिणाम खरोखर तपासावे लागतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही रंगद्रव्ये फार विरल असतानाच बिघडतात, मग गडद शोषक म्हटला की दोष यंत्राचाच, असे कसे म्हणता येईल? तसे म्हणता येत नाहीच. म्हणून तर कसोटी हवी. मिथिलीन ब्ल्यूचे सुटे आयन पाण्यात ६६४ नॅनोमीटरजवळ शोषतात, पण एक लाखांश मोलरच्या आसपासच त्यांच्या जोड्या लक्षात येण्याइतक्या बनू लागतात आणि जोडीचे शोषण ६१० नॅनोमीटरच्या बाजूला सरकते. अशा वेळी ६६४ वरचा आलेख खाली वाकतो, यंत्र कितीही चांगले असो. मात्र इथे एक स्वतंत्र साक्षीदार असतो: वर्णपटाचा आकारच बदलतो. वेगवेगळ्या संहतींचे वर्णपट c आणि l यांच्या गुणाकाराने भागून एकमेकांवर ठेवले तर मुख्य शिखर बसते, बाजूचा खांदा उठतो आणि सगळ्या रेषा एका बिंदूतून जातात. भटका प्रकाश शिखराचा माथा सपाट करतो, पण नवे शिखर उगवत नाही. आणखी एक खूण दिशेची आहे. न शोषला जाणारा भटका प्रकाश रेषेला नेहमी खालीच ओढतो. रेषा वर वाकत असेल तर समतोल, गढूळपणा किंवा चुकीचा ब्लँक यांचा शोध घ्यावा.

तिसरे कारण, प्रकाशाच्या पट्ट्याची रुंदी, थोडक्यात सांगता येते. परमँगनेटच्या शोषणात ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरजवळ जवळजवळची शिखरे आहेत. वीसेक नॅनोमीटर पट्टारुंदीच्या साध्या यंत्रात एकाच वेळी वेगवेगळे गुणांक मोजले जातात आणि शोषकता एकच्या खाली असतानाही रेषा वाकू शकते. फट अरुंद करून वाकणे कमी झाले की कारण हेच.

सगळ्यांत सरळ आक्षेप असा, की द्रावण विरल करून मोजावे, कारण शोधण्याची गरज काय? ठरावीक नमुन्याची संहती काढायची असेल आणि पदार्थाचे रूप विरलनाने बदलत नसेल, तर हे पुरेसे आहे. पण चालू अभिक्रियेत मध्येच विरलन करता येत नाही. आम्लयुक्त परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांची अभिक्रिया आरंभी मंद असते आणि तयार होणाऱ्या मँगनीज आयनांमुळे वेग घेते. ती २.४० शोषकतेपासून मोजली, तर पहिले वीस टक्के परमँगनेट संपताना खरी घट ०.४८ असते आणि एक टक्का भटक्या प्रकाशाच्या यंत्रात ती ०.२० दिसते. पुढे ०.४८ वरून ०.२४ वर येताना मात्र घट जवळजवळ पूर्ण दिसते. म्हणजे उत्प्रेरण नसते तरी यंत्राने मंद सुरुवात दाखवली असती आणि अहवालाने तिला रसायनशास्त्र समजून मान्यता दिली असती. अशा प्रयोगात १ मिमीची क्युव्हेट नसेल तर शिखर सोडून ज्या तरंगलांबीवर गुणांक तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका आहे तिथे मोजावे. संहती तीच, शोषकता कमी. तिथे मंद सुरुवात टिकली तर ती अभिक्रियेची. शिखराच्या उतारावर पट्टारुंदीची चूक वाढते, म्हणून फट तेवढी अरुंद ठेवावी, आणि निवडलेली तरंगलांबी सर्व वर्णपट जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूजवळची नसावी, कारण तिथे समतोल सरकला तरी शोषकता हलत नाही.