थंड डेटाची गोष्ट: ठेवायला १२ डॉलर, परत आणायला २१२

आजच्या भागाची सुरुवात एका संध्याकाळपासून करतो. साडेसहा वाजले होते, लॅपटॉप बंद करणार इतक्यात अकाउंट्सच्या ताईंचा फोन आला, "अरे, चार वर्षांपूर्वीची बिलं हवी आहेत, ऑडिटर सकाळी दहाला येतोय." मी फाइल उघडायला गेलो तर स्क्रीनवर `InvalidObjectState`. म्हणजे फाइल आहे, पण गोठलेली आहे. ती कुणी गोठवली होती? मीच, खर्च वाचवायला. त्या रात्री काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हा गोठवण्याचा प्रकार आला कुठून ते बघू.

ऑगस्ट २०१२ मध्ये ॲमेझॉनने ग्लेशियर नावाची सेवा आणली. तेव्हा त्यांच्याच नेहमीच्या एसथ्री स्टोरेजमध्ये पहिल्या टेराबाइटसाठी दर जीबीला महिन्याला साडेबारा सेंट पडायचे. ग्लेशियरमध्ये फक्त एक सेंट! अट एवढीच, की फाइल मागितली की तीन ते पाच तास थांबायचं. जुनी बिलं, लॉग, बॅकअप असा वर्षात एकदाही न उघडणारा डेटा ज्यांच्याकडे होता, त्यांना हा सौदा झकास वाटला.

पण खरी मेख परत आणण्याच्या फीमध्ये होती. महिन्याला साठ्याच्या ५ टक्के डेटा फुकट काढता यायचा, तोही रोजच्या हिशेबाने वाटून. त्यावर गेलात तर फी किती जीबी काढले यावर नव्हती, किती वेगाने काढले यावर होती. महिन्यातला तुमचा सर्वात जास्त तासाचा वेग धरायचा आणि तुम्ही महिनाभर त्याच वेगाने काढत होतात असं समजून बिल लावायचं.

उदाहरण घेऊ. समजा १,२०० जीबी ठेवलेत. महिन्याचं भाडं १२ डॉलर. फुकट कोटा महिन्याला ६० जीबी, म्हणजे दिवसाला २ जीबी. आता सर्व्हर बसला आणि तुम्ही १२० जीबी एकदम मागवले. ते चार तासांत आले, म्हणजे ताशी ३० जीबी. त्या दिवसाचा फुकट कोटा चार तासांत वाटला की ताशी अर्धा जीबी. उरले साडेएकोणतीस. त्याला महिन्याचे ७२० तास आणि एक सेंट यांनी गुणा: २१२ डॉलर! जवळजवळ दीड वर्षाचं भाडं एका दुपारीत गेलं.

गंमत पुढे आहे. हेच १२० जीबी तुम्ही रोज ४ जीबी असे तीस दिवसांत काढले असते, तर वेग ताशी एक जीबी, त्यातून अर्धा फुकट, आणि बिल फक्त ३ डॉलर ६० सेंट. डेटा तोच, फरक फक्त घाईचा. आणि बॅकअप लागतो तोच मुळी घाईच्या वेळी! लोक चिडले, हिशेब करून देणारी छोटी टूल्स लिहिली गेली.

मार्च २०१५ मध्ये गूगलने नियरलाइन आणलं. दर तोच एक सेंट, पण वाट बघायची काही सेकंदच. मग नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने ते किचकट सूत्र काढून टाकलं आणि जीबीमागे सरळ फी लावली. काही मिनिटांत हवं तर ३ सेंट, तीन ते पाच तासांत हवं तर १ सेंट, पाच ते बारा तास थांबलात तर पाव सेंट. आपले १२० जीबी आता १ डॉलर २० सेंटमध्ये आले. भाडंही ०.४ सेंटवर उतरलं.

२०१९ मध्ये डीप आर्काइव्ह आलं, जीबीला जेमतेम ०.१ सेंट. पण त्यात मिनिटांत काढायचा पर्यायच नाही. साधारण बारा तास, स्वस्तात हवं तर ४८. शिवाय १८० दिवसांच्या आत डिलीट केलंत तरी १८० दिवसांचं भाडं द्यावंच लागतं.

आता माझी संध्याकाळ. बिलं डीप आर्काइव्हमध्येच होती. सात वाजता रिक्वेस्ट टाकली, सकाळी सहाला फाइल्स आल्या. फी चहाच्या पैशांइतकी. पण ती रात्र मी दर अर्ध्या तासाला स्टेटस बघत काढली. मागणी रात्री अकराला आली असती, तर ऑडिटरसमोर हात हलवत बसलो असतो.

म्हणून आता गोठवण्याआधी मी आधी अकाउंट्सला विचारतो, "ताई, हे मागितलं तर किती वेळात लागेल?" उत्तर "त्याच दिवशी" असेल, तर डीप आर्काइव्ह नाही. २०२१ पासून क्षणात उघडणारा ग्लेशियरचा प्रकारही आहे, भाडं ०.४ सेंट. डीप आर्काइव्हच्या चौपट, पण आमच्या शंभर जीबी बिलांसाठी तो फरक महिन्याला ३० सेंट पडतो. मी ते मुकाट्याने भरतो.

चला, भेटू पुढच्या भागात!